चुकलंय कोण?

‘मिस करणं’ याला मराठीत एकच नेमका शब्द कोणता, हा प्रश्न मला बहुतेक वेळा मुली विचारतात. नगरला वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या मुली. त्यांची घरची मराठी माझ्या मराठीहून भरलेली आहे, तरी विचारतात. शब्द ठाऊक नाही अशी त्यांची अडचणच नसते. शब्द पुष्कळ ठाऊक असतात आणि त्यातला एकही पुरता बसत नाही.

‘आठवण’ सुचवावी तर म्हणतात, आठवण तर येतेच, पण ते वेगळं. ‘उणीव’ सुचवावी तर गप्प होतात. मग एखादी म्हणते, “आईला कुणी असं म्हणतं का?”

बरोबर आहे तिचं. शब्द कोशात बघून जमत नाही, तो कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात जाणार आहे ते आधी पाहावं लागतं.

*

आधी आठवणीचंच पाहू.

घराबाहेर पडल्यावर किल्ली विसरल्याचं ध्यानात येतं, तेव्हा किल्लीची आठवण होते. आजीची आठवण येते. किल्लीची आठवण ‘आली’ असं कुणी म्हटलं, तर ती किल्ली आजीची असली पाहिजे. गावात चार माणसं बसून तुमच्याविषयी बोलली, तर त्यांनी तुमची आठवण काढली. ही काढलेली आठवण तुमच्यापर्यंत पोचते आणि तुम्हाला उचकी लागते, असा आपला जुना समज. निरोप देताना सांगतो ती आठवण ठेवायची असते.

होणं, येणं, काढणं, ठेवणं. नाम तेच, पण भावना चार. होते ती नुसती स्मृती, येते ती माया, काढतात ते बोलणं आणि ठेवतात ते वचन. अर्थ नामात थोडा आणि क्रियापदात जास्त. मराठीतली भावना अशी जोडीने नांदते, आणि एकच शब्द द्या म्हणणारा माणूस नकळत ही जोडी तोडायला सांगत असतो.

*

आता ‘करमत नाही’.

माझ्या मते मराठीने भावनेसाठी घडवलेल्या सगळ्यांत चोख बोलांपैकी हा एक. ‘मला करमत नाही.’ या वाक्यात कर्ता शोधून पाहा. ‘मी’ कर्ता नाही, तो ‘मला’ होऊन बाजूला बसला आहे. जो गेला तोही कर्ता नाही, त्याचं तर नावही नाही. शाळेतल्या व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात आणि त्यांची उदाहरणं ठरलेली असतात: उजाडतं, सांजावतं, गडगडतं, मळमळतं. करमणं याच ओळीतलं. जसं कुणी न उजाडवता उजाडतं आणि कुणी न ठरवता मळमळतं, तसं करमत नाही. आभाळात आणि पोटात जे आपोआप घडतं, त्यातच मराठीने हे घातलं.

शिवाय हे क्रियापद बहुतेक नकारातच जगतं. ‘मला फार करमतं’ असं सहसा कुणी सांगत नाही. करमतंय तोवर त्याची जाणीवच नसते. सासरी गेलेल्या लेकीला विचारतात, “करमतं का गं?” या प्रश्नाचं उत्तर ती होकारार्थी देते आणि विचारणाराला खरं काय ते कळतं.

मग ‘करमत नाही’ हेच ‘मिस करणं’ का नाही? कारण करमत नाही ते वेळेचं दुखणं आहे. दिवस सरत नाही, हात कामाला लागत नाही. हे दहा-पंधरा दिवसांचं, चार-सहा महिन्यांचं असतं. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांविषयी बोलताना आपण ते वापरत नाही. तोवर करमायला लागलेलं असतं. आठवण मात्र येतच असते.

*

‘चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.’ हे त्याहून जवळचं.

बस चुकली, नेम चुकला, वाट चुकली, कळपातून वासरू चुकलं. इंग्रजीतल्या ‘मिस’ची मूळ जातही हीच: नेम हुकणं, गाडी हुकणं. दोन्ही भाषांनी हुकण्यातूनच हे दुःख उचललं, इतक्या त्या जवळ आल्या. आणि नेमक्या तिथेच वेगळ्या झाल्या. इंग्रजीत ‘मी’ कर्ता आणि ‘तू’ कर्म. गेलेला माणूस माझ्या हातून हुकला आहे. मराठीत लेक सासरी गेली की घरात बसलेल्या आईला चुकल्यासारखं वाटतं. लेक तर ठरल्या घरी सुखरूप पोचली आहे. वाट चुकल्यासारखी झाली आहे ती आई, आपल्याच स्वयंपाकघरात.

गेलेला चुकत नाही, राहिलेला चुकतो. हे एवढं ज्या बोलीत आहे तिथे ‘मी तुला’ अशी बांधणी बसणार कशी?

तरी यालाही मर्यादा आहे. चुकल्यासारखं वाटायला घर लागतं, रोजचा क्रम लागतो आणि त्या क्रमात पडलेला खंड लागतो. जिच्याबरोबर कधी एका छताखाली राहिलो नाही अशा मैत्रिणीबद्दल ते चालत नाही.

*

इतर भाषांनीही एकमेकींचं ऐकलेलं नाही. फ्रेंच माणूस वाक्य उलटं फिरवतो आणि गेलेल्याला कर्ता करतो. शब्दशः मांडायचं तर ‘तू मला कमी आहेस’ असं काहीसं. ते मराठीत म्हणून पाहा, भांडण होईल. पोर्तुगीजांची ‘सौदाद’ हे नाम आहे आणि ती माणसाजवळ ‘असते’, आपल्याकडे घर-शेत असावं तशी. एक भाषा म्हणते मी करतो, दुसरी म्हणते तू उणा आहेस, तिसरी म्हणते माझ्याजवळ आहे, आणि मराठी म्हणते मला होतं. दुःख सगळ्यांचं सारखं असेलही, पण वाक्यात त्याला बसायला दिलेली जागा वेगळी आहे.

*

एका भावनेला दुसऱ्या भाषेत शब्द शोधण्याचं मराठीतलं फार जुनं आणि फार मोठं काम याच नगर जिल्ह्यात झालं. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, प्रवरेकाठी नेवासे. समोर गीतेचा पहिला अध्याय, अर्जुनाचा विषाद.

गीतेत त्या क्षणासाठी शब्द आहे ‘कृपा’. आज आपण कृपा म्हणजे उपकार समजतो, ‘कृपया रांगेत या’ असं लिहितो. तिथली कृपा वेगळी आहे. समोर उभी आपलीच माणसं पाहून आत भरून येणं, हातपाय गळणं, असा तो अर्थ. अर्जुन त्या कृपेने ‘आविष्ट’ झाला, म्हणजे ती त्याच्यात शिरली.

ज्ञानेश्वरांनी एका शब्दाला एक शब्द दिला नाही. त्यांनी आधी मनात ‘गजबज’ झाल्याचं सांगितलं. हा शब्द आज आपण आठवड्याच्या बाजाराला लावतो. मग कृपा आपोआप ‘आली’ असं म्हटलं, ‘त्याने केली’ असं म्हटलं नाही. मग त्या येण्याने अपमान होऊन वीरवृत्ती निघून गेली, जशी कुलीन, तेजस्वी स्त्री घरात दुसरी आलेली सोसत नाही. तरीही पुरलं नाही. पुढे चंद्रकलेच्या स्पर्शाने सोमकांत मणी पाझरतो तसं, धैर्य जाऊन हृदय द्रवलं. आणखी थोडं पुढे भुंगा येतो. कोरडं लाकूड पोखरणारा हा भुंगा कोवळ्या कळीत सापडला, तर जीव देईल, पण पाकळी फाडणार नाही. स्नेह इतका कोवळा आणि इतका अवघड.

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे श्लोक 47. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाच्या ओव्या पावणेतीनशे. हा विस्तार पाल्हाळ नव्हे. संस्कृत शब्द तसाच ठेवणं त्यांना सोपं होतं, आणि कृपा त्यांनी ठेवलीही. पण ठेवून थांबले नाहीत. तो शब्द ऐकणाराच्या अंगात कुठून शिरावा यासाठी त्यांनी एकामागून एक दारं उघडली. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं पहिलं दार. व्याख्येच्या आधी गजबज आली. आधी आवाज, मग अर्थ.

मराठीने हा क्रम अजून सोडलेला नाही. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ, तगमग. आतल्या हालचालीचा नाद पकडून केलेले हे शब्द. यांचं भाषांतर होत नाही ते यांच्या खोलीमुळे नव्हे, तर प्रत्येकाच्या अटी ठरलेल्या आहेत म्हणून. आजोबा वारले. शेवटची भेट राहून गेली, त्याची नातवाला रुखरुख लागते. गाडी दहा मिनिटं आधी मिळाली असती तर, याची चुटपुट. शेजारी ऐकून हळहळतात. सख्ख्या नातवाने हळहळ व्यक्त केली तर लोक त्याच्या तोंडाकडे बघतील. हुरहूर बरीचशी अजून न घडलेल्याची, उद्या निघायचं आहे त्या रात्रीची. एकाच मरणावरून तीन शब्द, आणि अदलाबदल केली तर तिन्ही खोटे.

*

आता ज्या मुलींनी विचारलं त्यांच्या घरी जाऊ. मला सापडलेला सगळ्यांत जवळचा शब्द तिथलाच आहे.

जिल्ह्याचा पूर्वेचा भाग कोरडवाहू. प्रवरेच्या खोऱ्यात ऊस आहे, 1950 साली उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना आहे, त्याच्या मागून आलेले कितीतरी आहेत. पाथर्डी-शेवगावच्या वाट्याला त्या उसाची तोड आली. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कुणी जिल्ह्यातल्याच कारखान्यांवर, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून दोन माणसं. तेव्हा हंगामात आई घरी राहणं हा मुळातच हिशेबात न धरलेला पर्याय. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप बंद होईपर्यंत, आईबाप फडावर आणि शाळेच्या वयाची मुलं आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात.

पहिल्या आठवड्यात धाकटं पोर जेवत नाही. खेळायला जात नाही. अंग किंचित कोमट लागतं, पण ताप म्हणावा असा नसतो. दारात बसून राहतं. आजी त्याच्याकडे बघते आणि म्हणते, “पोरानं खंत घेतली.”

शहरात आपण खंत म्हणतो ती पश्चात्तापाजवळची. ‘याची मला खंत वाटते,’ असं सभेत म्हणतात, आणि म्हणणाराचं जेवण त्याने चुकत नाही. ही खंत निराळी. ही घेतली जाते आणि अंगावर निघते. बैलजोडी फुटली, एक बैल विकला, तर मागे राहिलेला वैरणीला तोंड लावत नाही, त्यानेही खंत घेतलेली असते. गेलेला माणूस, मागे राहिलेला जीव, मधलं अंतर, आणि त्या अंतराचं अंगावर उमटलेलं चिन्ह. ‘मिस करणं’ यात जे जे आहे ते सगळं यात आहे, आणि वर कोमट अंगही आहे.

इथे क्रियापदही बदललेलं आहे. मघापासून मी म्हणतो आहे की मराठीत भावना येते, लागते, होते. पण ती हद्दीबाहेर जाऊन देहात उतरली की मराठी माणसाला पुन्हा कर्ता करते. खंत घेतली. धसका घेतला. हाय खाल्ली. म्हणजे भावना आली तोवर ती पाहुणी, आणि ती जेव्हा घेतली-खाल्ली गेली, तेव्हा त्या जिवाने तिला आपलंसं केलं.

मग हाच तो शब्द, असं म्हणून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं. ते होता येत नाही. ‘मी तुझी खंत घेतली आहे’ असं म्हणून पाहा. कुणीच म्हणत नाही. खंत दुसऱ्याने ओळखायची असते. ती आजी सांगते, शेजारीण सांगते. ज्याने घेतली ते पोर फक्त जेवत नाही. झुरणी लागणं तसंच, ‘मला झुरणी लागली’ हे सहज तोंडी येत नाही. काही शब्द फक्त भोगणाराचे आणि काही फक्त बघणाराचे. ‘मला हुरहूर लागली’ हे मीच सांगायचं, ‘त्याने खंत घेतली’ हे दुसऱ्याने. ‘मिस’ दोघांनाही चालतो. दोन्ही काठांवर उभा राहणारा असा एक शब्द मराठीत मला अजून भेटला नाही.

*

राहतो तो मुलींचा खरा प्रश्न. त्यांना निबंध लिहायचा नसतो. फडावरच्या आईला मोबाइलवर दोन शब्द धाडायचे असतात.

‘आई, तुझी उणीव भासते.’ हे वाचून आई घाबरेल. उणीव भासते ती श्रद्धांजलीच्या फलकावर, पोकळीच्या शेजारी. जिवंत माणसाला ते सांगत नाहीत. छापील मराठीतून उचललेला शब्द कुठे घसरतो हे ओळखायची ही साधी खूण आहे: ज्याच्यासाठी आहे त्याला फोनवर ऐकवून बघायचा.

‘आई, तुझी आठवण येते.’ हे खरं आहे, चालेल. पण ते सुखाच्या दिवसातही म्हणता येतं, परीक्षेत पहिली आल्यावरही येतं. जेवढं दुखतंय तेवढं त्यात मावत नाही.

‘आई, तुझ्याशिवाय करमत नाही.’ हे तंतोतंत बसतं. आईच्या काळजात जिथे पोचायला हवं तिथे पोचतं. आणि म्हणूनच मुलगी ते लिहीत नाही. कारण ‘करमत नाही’ हे नुसतं सांगणं नाही, त्यात ‘ये’ असं बोलावणं आहे. ज्या आईने उचल घेतली आहे आणि जी ती फिटल्याशिवाय निघू शकत नाही, तिला ‘ये’ म्हणायचं कसं? रात्री कोपीत बसून ती ते वाक्य वाचेल आणि पहाटे अंधारात फडावर उभी राहील.

म्हणून मुलगी लिहिते, ‘मिस यू आई’.

हे मला फार उशिरा उमगलं. मी हा शब्द आळशीपणाचा समजत होतो. पण या मुलींनी तो निवडून घेतला आहे. मराठीचं प्रत्येक वाक्य ऐकणाराच्या खांद्यावर काहीतरी ठेवतं: आठवण येते म्हटलं की समोरच्याने आठवण ठेवायची, करमत नाही म्हटलं की यायचं, खंत घेतली म्हटलं की धावतच यायचं. आपली भावना आणि आपलं नातं यांच्यात भिंत नाही, म्हणून शब्दातही नाही. ‘मिस यू’ परका आहे, त्याची इथे कुणाशी देणीघेणी नाहीत. तो दुःख सांगतो आणि काही मागत नाही. मराठीत नेमका हाच शब्द नाही, ज्याने दुखतंय हे कळेल आणि तरी कुणाला उठून यावं लागणार नाही. जिथे आई सहा महिने बांधलेली नव्हती, तिथे तो कधी लागलाही नसावा.

परक्या शब्दाने मराठी बाटते म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी यापुढे या शब्दापुरता बोलणार नाही, मी मुलीच्या बाजूने उभा राहीन. एवढंच वाटतं की तिने ‘करमत नाही’ विसरू नये. पट्टा पडला, आई घरी आली, की मग ते म्हणायला हरकत नाही. भूतकाळात म्हणावं, ‘करमत नव्हतं गं’. काळ बदलला की त्या वाक्यातलं बोलावणं गळून पडतं आणि उरलेलं सगळं आईला मिळतं.

आजीचंही असंच आहे. धाकट्याने खंत घेतली हे तिने शेजारणीला सांगितलेलं असतं, मीठ-मिरच्यांनी दृष्टही काढलेली असते. संध्याकाळी फडावरून सुनेचा फोन येतो, पोर कसंय म्हणून. आजी सांगते, “रमलंय, खेळतंय. तू जेवून घे.”